सनद इथली, वकिली तिथली

परदेशात वकिली करायची म्हणजे आधी तिथली एलएल.एम. करायची, असं आपल्याकडे गृहीतच धरलेलं असतं. घरच्यांनी कर्जाची चौकशी सुरू केलेली असते आणि मुलाने विद्यापीठांची यादी काढलेली असते. या सगळ्यात एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही: ज्या देशात वकिली करायची, तिथे सनद कोण देतं, आणि त्या संस्थेला एलएल.एम.शी काही देणंघेणं आहे का? या प्रश्नाचं उत्तर देशागणिक बदलतं. एका ठिकाणी एलएल.एम. शिवाय दार उघडत नाही, दुसरीकडे ती केली काय नि न केली काय, दारवानाच्या लेखी फरक शून्य.

पदवी विद्यापीठ देतं आणि सनद वकिलांची नियामक संस्था देते. ही दोन कार्यालयं एकमेकांना विचारून चालत नाहीत. हा घोळ जुनाच आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी 1892 मध्ये ऑक्सफर्डची बी.सी.एल.ची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तरी इंग्लंडमध्ये बॅरिस्टर व्हायला त्यांना 1923 साल उजाडावं लागलं. त्यांच्या बाबतीत आड आलं ते बाई असणं. आज आड येतात ते नियम, आणि ते वाचायला कोणालाही मोकळे आहेत. तरी ते न वाचताच लाखो रुपये भरले जातात.

एक उदाहरण घेऊन चालू. पुण्यातली एक वकील आहे. पाच वर्षांचा बी.ए. एलएल.बी., ऑल इंडिया बार परीक्षा उत्तीर्ण, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, आणि चार वर्षं व्यावसायिक दाव्यांचं काम. उदाहरण कल्पित आहे, पण अशा वकील प्रत्येक जिल्हा न्यायालयात भेटतील. तिला लंडनला जायचं आहे, नाहीतर न्यूयॉर्कला. दोन्ही वाटा तिच्यासाठी कशा आहेत ते पाहू.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर होण्याचं दार सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी, म्हणजे एसआरए, सांभाळते. 1 सप्टेंबर 2021 पासून तिथे एकच परीक्षा आहे, सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन. सगळे तिला एसक्यूई म्हणतात. लंडनमध्ये शिकलेला मुलगा असो की पुण्यात शिकलेली वकील, परीक्षा तीच. परदेशी वकिलांसाठी पूर्वी वेगळी रूपांतर परीक्षा होती, ती आता बंद होत गेली.

परीक्षेचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात दोन पेपर, प्रत्येकी 180 बहुपर्यायी प्रश्न, एकूण 360. पुस्तक बंद. एका पेपरला पाच तास सहा मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 102 सेकंद. संगणकावर बसून, ठरलेल्या परीक्षा केंद्रात ती देतात आणि भारतातही अशी केंद्रं आहेत. दुसरा टप्पा कौशल्यांचा असतो: अशिलाची मुलाखत, न्यायालयातला युक्तिवाद, मसुदा, पत्र, कायदेशीर संशोधन, दाव्याच्या कागदांचं विश्लेषण. एकूण 16 कामं, त्यातली चार तोंडी. तोंडी भागासाठी इंग्लंड किंवा वेल्सला जावंच लागतं.

आता आपल्या वकिलीणबाईंच्या फायद्याची गोष्ट. इंग्लंडमध्ये शिकलेल्या साध्या पदवीधराला परीक्षेशिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. दुसऱ्या देशात रीतसर सनद मिळालेल्या वकिलाला ही अट नाही. शिवाय सनद मिळाल्यानंतर दोन वर्षं वकिली केलेली असेल तर दुसऱ्या टप्प्यातून सूट मागता येते. ती हक्काने मिळत नाही. एसआरए अनुभव तपासते आणि मग ठरवते. पण अर्ज करण्याइतपत तिची बाजू भक्कम आहे.

याची दुसरी बाजू मात्र फार जणांना महागात पडते. एलएल.बी.चा निकाल लागल्या लागल्या, सनद न घेताच, मुलं लंडनला एलएल.एम.ला जातात. सनदेसाठी अर्ज, मग बार परीक्षा, त्यात वर्ष जाईल, त्यापेक्षा आधी एलएल.एम. उरकून घेऊ, असा हिशेब. एसआरएच्या लेखी ही मुलं परदेशी वकील नसतात, नुसती पदवीधर असतात. त्यांना दोन वर्षांचा अनुभव दाखवणं आलं. तो भारतात मिळवता येतो, पण त्यावर इंग्लंडच्या सॉलिसिटरची किंवा तिथल्या फर्ममधल्या नेमलेल्या अनुपालन अधिकाऱ्याची सही लागते. नाशिकच्या ऑफिसात ती कोण करणार? ज्या सनदेला कंटाळून घाई केली, तिच्यामुळेच ही दोन वर्षं वाचली असती.

परीक्षेच्या अभ्यासाकडे येऊ. आपल्याकडचा कायदा इंग्रजांनीच लिहिला, तेव्हा इंग्लंडची परीक्षा म्हणजे उजळणीच, अशी समजूत घेऊन जो बसतो तो आपटतो. वरवर पाहिलं तर विषय ओळखीचे वाटतात: करार, अपकृत्य, फौजदारी, संविधान, जमीन, न्यास. अडचण हीच आहे. अनोळखी विषय माणूस नव्याने शिकतो, पण ओळखीच्या विषयात जुनं उत्तर हाताशी तयार असतं आणि 102 सेकंदांत तेच बाहेर येतं.

एक प्रश्न प्रत्यक्ष सोडवू. घरमालकाने पहिल्या माणसाशी घर विकण्याचा लेखी करार केला, ज्याला आपण साठेखत म्हणतो. खरेदीखत व्हायचं बाकी आहे. मधल्या काळात दुसरा माणूस जास्त पैसे घेऊन आला. पहिल्या कराराची त्याला पूर्ण माहिती आहे. मालकाने घर दुसऱ्याला विकून टाकलं आणि ते त्याच्या नावावर झालंही. पहिल्याचा करार कुठेही नोंदलेला नव्हता आणि घराचा ताबाही त्याच्याकडे नव्हता. पहिल्याला घर मिळेल का?

पुण्यातली वकील लगेच सांगेल, मिळू शकतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे नुसत्या साठेखताने घरात कुठलाही हक्क निर्माण होत नाही, हे खरं. पण विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 19 म्हणतं की नंतर आलेल्या खरेदीदाराला आधीचा करार माहीत असेल, तर त्याच्याविरुद्धही कराराची पूर्तता मागता येते. म्हणजे सगळा दावा एका गोष्टीवर फिरतो: दुसऱ्याला माहीत होतं की नव्हतं? उलटतपासणी त्यावरच होते. एजंटला साक्षीला बोलावतात, फोनचे मेसेज काढतात.

इंग्लंडमध्ये सुरुवातच उलटी आहे. तिथे असा करार झाला की पहिल्या माणसाला त्या घरात इक्विटीच्या न्यायाने हक्क मिळतो, जो आपल्याकडे कलम 54 ने साफ नाकारला आहे. म्हणजे पहिल्याची बाजू आपल्यापेक्षा बळकट दिसते. पण तो हक्क टिकवायचा तर भूमी नोंदणी कार्यालयात त्या घराच्या नोंदीवर नोटीस चढवावी लागते. ती चढवली नाही, ताबाही नाही, आणि दुसऱ्याने मोबदला देऊन घर घेऊन नोंद केली, तर 2002 च्या भूमी नोंदणी कायद्याने घर दुसऱ्याचं. त्याला पहिला करार माहीत होता की नव्हता, हे कोणी विचारतच नाही. बघायची ती नोंदवही. घर गेल्यावर पहिल्याच्या हाती उरतो तो मूळ मालकाविरुद्धचा नुकसानभरपाईचा दावा.

दोन्ही देशांत प्रश्नाचा मजकूर तोच, पात्रं तीच आणि उत्तर नेमकं विरुद्ध. दुसऱ्याची माहिती हा पर्याय पाच उत्तरांत मुद्दाम ठेवलेला असतो आणि आपल्याकडे मुरलेला वकील डोळे झाकून तो निवडतो. सात-बाराच्या उताऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं, कारण आपल्याकडे नोंद हा मालकीचा अंतिम पुरावा नसतो. तिथे सरकार नोंदीची हमी घेतं, आणि त्या हमीवर त्यांचा सारा जमिनीचा व्यवहार उभा आहे.

करारातही असंच आहे. भारतीय करार कायदा 1872 चा. त्यात मोबदला वचन घेणाऱ्याकडून किंवा दुसऱ्या कोणाकडूनही आला तरी चालतो. इंग्लंडमध्ये तो वचन घेणाऱ्याकडूनच यावा लागतो. अज्ञान व्यक्तीचा करार आपल्याकडे 1903 च्या मोहरीबीबी खटल्यापासून मुळातच निरर्थक, तिथे तो सहसा अज्ञानाच्या मर्जीवर रद्द होणारा, आणि गरजेच्या वस्तूंचा असेल तर बांधणाराही. आपल्या कायद्याचा साचा इंग्रजी असला तरी दीडशे वर्षांत आपण आपल्या वाटेने गेलो आणि ते त्यांच्या.

आणि एक विषय तर पूर्ण कोरा असतो: सॉलिसिटर अकाउंट्स. अशिलाचा पैसा आणि ऑफिसचा पैसा वेगळ्या खात्यांत ठेवणं, कुठली रक्कम कुठल्या खात्यात कधी जाते, चूक झाली तर ती लगेच कशी दुरुस्त करायची, जमा-नावेच्या नोंदी. इथल्या वकिलाने फी घेतली, पावती दिली, संपलं. तिथे याच विषयात वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई होते, म्हणून परीक्षेत तो येतोच. ज्यांचं शालेय गणित कच्चं होतं म्हणून ते कायद्याकडे वळले, त्यांची इथे पंचाईत होते.

पहिल्या टप्प्यात पास होण्याचं प्रमाण साधारण चाळीस ते छप्पन टक्क्यांच्या दरम्यान फिरत आलं आहे. सहा वर्षांत तीनच संधी मिळतात. 2025-26 साठी पहिल्या टप्प्याची फी 1,934 पौंड आणि दुसऱ्याची 2,974 पौंड, दोन्ही मिळून 4,908. पौंडामागे 118 रुपये धरले तर पावणेसहा लाखांच्या वर. तयारीच्या वर्गाचा खर्च वेगळा. सूट मिळाली तर दुसऱ्या टप्प्याचे साडेतीन लाख वाचतात.

मग या हिशेबात एलएल.एम. कुठे बसते? एसआरएच्या कागदांत कुठेच नाही. ती केल्याने पेपर कमी होत नाही, की परीक्षेत सवलत मिळत नाही. पुण्यातल्या वकिलीणबाईंनी लंडनला आंतरराष्ट्रीय लवादावर एक वर्षाची एलएल.एम. केली, तर लवाद उत्तम शिकतील, पण मृत्युपत्र, घरांची खरेदी-विक्री, सॉलिसिटर अकाउंट्स यांतलं काहीच त्यात येणार नाही. काही विद्यापीठं आता एसक्यूईची तयारी आत घातलेली एलएल.एम. विकतात. तो तयारीचा वर्गच असतो, फक्त त्याला पदवीचं वेष्टन असतं. वेष्टनाचे पैसे कशासाठी द्यायचे, याचं एकच खरं उत्तर आहे: व्हिसा.

विद्यार्थी म्हणून गेल्यावर अभ्यासक्रम संपला की तिथे राहून कुठलंही काम करण्याची मुभा मिळते. त्याला ग्रॅज्युएट रूट म्हणतात. सध्या ती दोन वर्षांची आहे, आणि 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांसाठी दीड वर्षाची होणार आहे. परीक्षा भारतात बसून पास होता येते, पण लंडनच्या फर्मने भारतातून कोणाला घ्यायचं तर तिला कामगार व्हिसासाठी प्रायोजक व्हावं लागतं. त्या व्हिसाची पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा जुलै 2025 पासून 41,700 पौंड आहे. मोठ्या फर्मला ही रक्कम किरकोळ. लेस्टरच्या चार माणसांच्या फर्मला ती भारी. म्हणजे एलएल.एम. घेऊन माणूस खरं तर दीड-दोन वर्षांचा वेळ आणि शहरात वावरण्याची संधी विकत घेतो. त्यात गैर काही नाही. आपण काय विकत घेतोय ते माहीत असलं म्हणजे झालं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. इंग्लंडमध्ये कायदेशीर सल्ला देण्यासाठी प्रत्येकाला सनद लागत नाही. 2007 च्या लीगल सर्व्हिसेस कायद्याने फक्त सहा प्रकारची कामं राखून ठेवली आहेत: न्यायालयात उभं राहणं, दावा चालवणं, मालमत्ता हस्तांतराचे काही दस्त करणं वगैरे. करार वाचणं, तपासणं, कंपनीला सल्ला देणं, ही कामं बिनसनदीही करता येतात. स्वतःला सॉलिसिटर म्हणवायचं मात्र नाही. त्यामुळे आधी एखाद्या कंपनीच्या कायदा विभागात लागायचं आणि मग पगारातून परीक्षा द्यायची, हा उलटा रस्ताही तिथे आहे.

न्यूयॉर्कची गोष्ट वेगळी. तिथे बार परीक्षेला बसायची पात्रता न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सच्या, नियम 520.6 मध्ये लिहिली आहे. परदेशात शिकलेल्याच्या कायद्याच्या शिक्षणात दोन गोष्टी पाहतात. एक, शिक्षणाचा कालावधी अमेरिकी लॉ स्कूलच्या तोडीचा आहे का. दोन, तो देश कॉमन लॉ पाळणारा आहे का. दोन्ही असतील तर थेट परीक्षेला बसता येतं. एकच कमी असेल तर अमेरिकेतली एलएल.एम. करून ती भरून काढता येते. दोन्ही कमी असतील तर एलएल.एम.सुद्धा वाचवत नाही.

भारत कॉमन लॉचा देश. तीन वर्षांचा एलएल.बी. असो की पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, पूर्णवेळ वर्गात बसून केला असेल तर कालावधीची अटही साधारण भागते. म्हणजे आपल्या वकिलीणबाईंना न्यूयॉर्कच्या परीक्षेसाठी एलएल.एम. बहुधा लागतच नाही. तरी दर वर्षी बरेच भारतीय वकील न्यूयॉर्कच्या बारसाठी म्हणूनच तिथे एलएल.एम. करतात आणि नावाजलेल्या खासगी विद्यापीठात नुसत्या शिक्षणशुल्कापोटी सत्तर हजार डॉलरच्या पुढे मोजतात. त्यातल्या काहींना तिची गरज असते, ज्यांचं शिक्षण वेगळ्या पद्धतीने झालं आहे. इतरांनी आधी विचारलेलंच नसतं.

विचारायची सोय आहे. परीक्षा घेणारं मंडळ, बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्स, पात्रतेची आगाऊ तपासणी करतं. ऑनलाइन अर्ज भरायचा आणि विद्यापीठाने गुणपत्रकं थेट मंडळाकडे पाठवायची, उमेदवाराच्या हातून चालत नाहीत. सगळं घोडं इथेच अडतं. आपल्या विद्यापीठांत ट्रान्सक्रिप्टचा अर्ज, शुल्क, परीक्षा विभागाची सही, मग लिफाफा बंद करून परदेशी टपाल, यात महिने जातात. तिकडच्या तपासणीलाही काही महिने लागतात. म्हणून हे काम एलएल.एम.चे अर्ज भरण्याआधी करायचं. उत्तर आलं की आपल्याला ती लागते का, हे कागदावर कळतं.

एलएल.एम. लागतेच आहे असं निघालं, तर कुठलीही चालत नाही. अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या लॉ स्कूलची, तिथे राहून केलेली, किमान 24 क्रेडिटची हवी. त्यातली 12 क्रेडिट ठरलेल्या विषयांची: दोन व्यावसायिक नीतीची, दोन कायदेशीर संशोधन आणि लेखनाची, दोन अमेरिकी कायदाव्यवस्थेच्या ओळखीची आणि सहा बार परीक्षेतल्या विषयांची. कोणी हौसेने सागरी कायदा आणि मानवी हक्क घेऊन 24 क्रेडिट पूर्ण केली, तर पदवी मिळते आणि परीक्षेचा अर्ज मात्र फेटाळला जातो. लॉ स्कूलच्या यादीत बारसाठी चालणाऱ्या विषयांपुढे सहसा खूण केलेली असते. ती पाहून विषय निवडायचे.

परीक्षा दोन दिवसांची, फेब्रुवारीच्या आणि जुलैच्या शेवटी. 200 बहुपर्यायी प्रश्न, सहा निबंधवजा उत्तरं आणि दोन प्रत्यक्ष कामं. 400 पैकी 266 हवेत. याशिवाय नीतीची वेगळी परीक्षा, न्यूयॉर्कच्या कायद्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचणी, आणि 50 तास मोफत कायदेशीर काम. परदेशात शिकलेल्यांचं पास होण्याचं प्रमाण अमेरिकी पदवीधरांपेक्षा बरंच कमी असतं. इथे एलएल.एम.चा खरा, पण अप्रत्यक्ष, उपयोग होतो. अमेरिकी दिवाणी प्रक्रिया, तिथलं संविधान, दोन पातळ्यांवरची न्यायालयं हे सगळं आपल्याला नवं असतं, आणि वर्षभर त्यात राहिल्याने कान तयार होतो. त्या कानाची किंमत साठ-सत्तर लाख असावी का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला ती जास्त वाटते.

एलएल.एम. करून राहणाऱ्यांच्या मागे घड्याळ लागतं, ते तर वेगळंच. मे महिन्यात पदवी मिळते. विद्यार्थी व्हिसावरच्यांना त्यानंतर 12 महिने काम करण्याची परवानगी असते, ओपीटी म्हणतात तिला. कायदा हा विज्ञान-तंत्रज्ञानात मोडत नसल्याने ती वाढत नाही. ही मुदत अभ्यासक्रम संपल्यापासून 60 दिवसांच्या आत सुरू करावी लागते, म्हणजे जुलैमध्ये. त्याच जुलैच्या शेवटी बार परीक्षा. निकाल लागतो ऑक्टोबरच्या अखेरीस. आणि ओपीटीच्या काळात एकूण 90 दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. जुलै ते ऑक्टोबर मोजून पाहा. निकाल हातात येण्याआधीच 90 दिवस भरत येतात. म्हणून मुलं मध्ये कुठेतरी, कधी बिनपगारी, लॉ क्लार्क म्हणून चिकटतात. त्यानंतर एच-1बी व्हिसाची सोडत, जिच्यात नाव निघेल याची शाश्वती नाही.

घरी बसून परीक्षा पास झालेल्याकडे हे घड्याळ नसतं, पण त्याच्याकडे अमेरिकेत राहायला काही कारणही नसतं. मुंबईत आंतरराष्ट्रीय करारांवर काम करणाऱ्या फर्ममध्ये किंवा कंपनीत न्यूयॉर्कची सनद दाखवता येते, पगारातही ती दिसते. न्यूयॉर्कमध्ये खुर्ची मिळवायला ती एकटी पुरत नाही. ज्यांना तिथे राहून फक्त भारतीय कायद्यावर सल्ला द्यायचा आहे, त्यांना तर परीक्षेचीही गरज नाही. गेल्या पाच वर्षांत तीन वर्षं वकिली केलेल्याला परीक्षेशिवाय परदेशी कायदा सल्लागार म्हणून परवाना मिळू शकतो. अनिवासी मराठी कुटुंबांची कोथरूडमधली फ्लॅटची भांडणं, वारसा, मुखत्यारपत्रं पाहता त्या कामाला गिऱ्हाईकांची वाण नाही.

कॅनडात एलएल.एम.चा उपयोग वेगळ्या अर्थाने होतो. तिथे एनसीए नावाची राष्ट्रीय समिती तुमची कागदपत्रं पाहून कुठल्या विषयांत कमी आहे ते लिहून देते. कॅनडाचं संविधान, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कायदाव्यवस्थेचा पाया आणि व्यावसायिक नीती, हे पाच तरी प्रत्येकाच्या वाट्याला येतातच. ते दोन प्रकारे भरून काढता येतात. एक तर समितीच्या परीक्षा, पुस्तक उघडं ठेवून, घरी बसून. नाहीतर तेच विषय एखाद्या कॅनेडियन विद्यापीठात शिकायचे. ऑसगुड किंवा ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाची कॉमन लॉ एलएल.एम. याचसाठी बांधलेली आहे. म्हणजे इथे एलएल.एम. हा परीक्षांचा पर्याय आहे, त्यांच्यावरचं ओझं नाही. त्यानंतर प्रांताची बार परीक्षा आणि आर्टिकलिंग उरतं. ओंटारियोत घरच्या वकिलीच्या अनुभवावर आर्टिकलिंगमधून सूट मागता येते. इथेही जुनी सनदच कामाला येते.

आपल्या वकिलीणबाईंनी काय करावं? मी असतो तर क्रम असा लावला असता. आधी न्यूयॉर्कची आगाऊ तपासणी आणि एसआरएकडे सुटीची विचारणा, दोन्ही पुण्यात बसून, कामं चालू ठेवून. मग जानेवारी किंवा जुलैचा एसक्यूईचा पहिला टप्पा, भारतातल्याच केंद्रात. तो पास झाला आणि दुसऱ्यातून सूट मिळाली, तर एलएल.एम.च्या खर्चाच्या तुलनेत मामुली पैशांत इंग्लंडची सनद हाती येते. मग लंडनच्या फर्मना पत्रं लिहायची. प्रायोजक मिळाला नाही, तेव्हा कुठे एलएल.एम.चा विचार, आणि तोही तिथे राहण्याचा वेळ विकत घ्यायचा म्हणून, उघड्या डोळ्यांनी.

हे करताना इथल्या सनदेकडे लक्ष ठेवावं लागतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. नोकरी सुरू होण्याआधी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला काढून ठेवावा, आणि स्थगित सनदेवर आपण अजून परदेशी वकील म्हणून गणले जातो का, हे एसआरएला लेखी विचारून घ्यावं. परदेशी संस्थांना दाखला ताजा हवा असतो, काही महिन्यांपूर्वीचा चालत नाही, म्हणून अर्जाच्या तारखेशी मेळ घालूनच तो मागवायचा.